डिस्कव्हर नेमकी कुणासाठी होती?

२००४ साली पुण्याच्या बजाज ऑटोने १२५ सीसीची डिस्कव्हर बाजारात आणली, तेव्हा ती कुणासाठी आहे हे सांगायला शोरूममधल्या विक्रेत्याला फार बोलावं लागत नव्हतं. शंभर सीसीच्या गाडीवर रोज कामाला जाणारा, चढावर आणि डबलसीट असताना तिचा दम निघतो म्हणून वैतागलेला, पण पेट्रोलचा हिशेब सोडू न शकणारा माणूस हे तिचं गिऱ्हाईक होतं. मायलेज फारसं न गमावता त्याला थोडी जास्त ताकद हवी होती. डिस्कव्हरने तेवढंच कबूल केलं आणि तेवढंच दिलं.

मग या नावाला फाटे फुटू लागले. आधी ११२ सीसी, मग १३५ सीसी. २००९ मध्ये डिस्कव्हर १०० आली आणि जोरात चालली. डिस्कव्हरचा महिन्याचा खप लाखाच्या वर गेला. नाव चालतंय म्हटल्यावर २०१० मध्ये डिस्कव्हर १५०, २०११ मध्ये पुन्हा नवी १२५ आणि त्यापाठोपाठ १२५ एसटी, १०० टी, १०० एम, १२५ एम, १५० एस, १५० एफ. प्रत्येक गाडी आपापल्या जागी बरी होती, काही तर तांत्रिकदृष्ट्या चांगल्याच होत्या. पण खप उतरत गेला आणि २०२० च्या एप्रिलमध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हा त्या नियमांत बसणारी डिस्कव्हर काढण्याची गरजही कंपनीला वाटली नाही. एके काळी महिन्याला लाखभर गाड्या विकणारं नाव गुपचूप यादीतून गेलं. डिस्कव्हरचं नाव असं ताणणं ही चूक होती, हे कंपनीचे प्रमुख राजीव बजाज यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं.

हे उदाहरण नीट बघण्यासारखं आहे, कारण यात कुणी हलगर्जीपणा केला नव्हता. कारखाना उत्तम, वितरकांचं जाळं देशभर, जाहिरातीला पैसा भरपूर. नवीन मॉडेल काढताना प्रत्येक वेळी समोर आकडे होते: शंभर सीसीचा बाजार सगळ्यात मोठा, तिथे आपण का नसावं? दीडशे सीसीत नफा जास्त, तिथे का नसावं? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सुटं बघितलं तर बरोबर होतं. सगळी उत्तरं एकाच नावावर लादली, तेव्हा नाव पोकळ झालं.

असं का होतं, याचं उत्तर गिऱ्हाईक खरेदी कशी करतो यात आहे. दुचाकी घ्यायला निघालेला माणूस बाजारातल्या चाळीस मॉडेलांचा तक्ता मांडत नाही. त्याच्या डोक्यात दोन-तीन नावं आधीच असतात आणि प्रत्येक नावाला एकच खुंटी असते. मायलेज म्हटलं की स्प्लेंडर, रुबाब म्हटलं की बुलेट. एका नावाला फार तर एक गोष्ट टांगता येते. अल रीज आणि जॅक ट्राउट या दोन अमेरिकन जाहिराततज्ज्ञांनी १९७२ मध्ये ‘अॅडव्हर्टायझिंग एज’ या नियतकालिकातल्या लेखमालेतून हाच मुद्दा मांडला आणि ‘पोझिशनिंग’ हा शब्द जगभर रूढ झाला. ब्रँडची जागा कारखान्यात किंवा दुकानाच्या फळीवर नसते, ती गिऱ्हाइकाच्या डोक्यात असते, असं त्यांचं म्हणणं.

डिस्कव्हर १५० आली तेव्हा दीडशे सीसीची गाडी घेणाऱ्या तरुणाच्या मनात काय आलं असेल, याचा विचार करून बघावा. तो चार पैसे जास्त मोजणार ते गाडी वेगळी दिसावी म्हणून. पण टाकीवर जे नाव, तेच शेजारच्या काकांच्या शंभर सीसीच्या गाडीवर. त्याला त्या किमतीत पल्सर मिळत होती, तीही त्याच कंपनीची. आता दुसऱ्या टोकाचा माणूस घ्या. त्याला लिटरमागे जास्तीत जास्त किलोमीटर हवेत. डिस्कव्हर हे नाव त्याने ताकदीसाठी ऐकलेलं, मग ती पेट्रोल कमी खाईल कशावरून? तो स्प्लेंडरच्या दुकानात जातो, नाहीतर बजाजचीच प्लॅटिना घेतो. मधला जो मूळ गिऱ्हाईक होता, त्याला आता डिस्कव्हर म्हणजे नक्की कुठली, हेच विचारावं लागत होतं.

जाहिरातीचंही तसंच होतं. एकाच नावाखाली तीन तऱ्हेच्या गाड्या असल्या की जाहिरातीत तिघांनाही चालेल असं काहीतरी लिहावं लागतं, आणि ते नेहमी ‘पॉवरही, मायलेजही’ असं निघतं. हे वाक्य कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही गाडीखाली छापता येतं. तिकडे वितरकाची वेगळीच अडचण. त्याला पाच-सहा मॉडेलांचा माल भरून ठेवायचा, प्रत्येकाच्या रंगांचा साठा, प्रत्येकाचे सुटे भाग, आणि गिऱ्हाइकाला हवी असलेली नेमकी गाडी त्या दिवशी नाहीच. पैसा साठ्यात अडकला की तो सूट देऊन माल काढतो, आणि एकदा सूट मिळाली की पुढचं गिऱ्हाईक ती हक्काने मागतं.

आता कुणी विचारेल, सगळ्यांसाठी असण्यानेच तर बजाज मोठी झाली ना? चेतक कुणासाठी होती? १९७२ पासून निघणारी ती स्कूटर मास्तर, कारकून, डॉक्टर, दुकानदार सगळेच वापरत. पुढे मूल उभं, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटं, अशी सगळी घरं तिच्यावरून फिरली. १९८९ मधली ‘हमारा बजाज’ ही जाहिरात तर उघडच सगळ्या देशाला उद्देशून होती, आणि ती आजही लोकांच्या तोंडी आहे.

हे खरं आहे, पण त्यामागचं कारण वेगळं होतं. परवाना राज्यात किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत असे आणि मागणीच्या मानाने माल नेहमीच अपुरा असे. चेतकचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. जिथे गिऱ्हाईक रांगेत उभं आहे, तिथे त्याला निवडायचंच नसतं. मिळेल ती वस्तू सगळ्यांची होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी तंत्रज्ञानाच्या मोटारसायकली आल्या आणि चित्र पालटू लागलं. हिरो होंडाने १९८५ मध्ये सीडी १०० आणली आणि ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ म्हणत फक्त मायलेजची भाषा केली. टाकी भरा आणि विसरून जा, बाकी एक शब्द नाही. निवडीची मुभा मिळताच लोक सगळ्यांच्या गाडीवरून उतरून आपापल्या गाडीकडे गेले. ज्या उद्योजकांनी टंचाईच्या काळात धंदा शिकला, त्यांच्या मनात ‘सगळ्यांसाठी’ हे सूत्र घट्ट बसलं, आणि काळ बदलल्यावर तेच त्यांना नडलं.

त्याच बजाजने अरुंद वाटेने जाऊन काय मिळवलं, हेही बघायला हवं. २००१ च्या अखेरीस पल्सर आली, १५० आणि १८० सीसी. तोवर हिरो होंडाची सीबीझेड सोडली तर या वर्गात म्हणावं असं काही नव्हतं. देशातली बहुतेक विक्री मायलेजवर चालत होती आणि पल्सर मायलेजबद्दल चकार शब्द काढत नव्हती. ‘डेफिनेटली मेल’ ही तिची जाहिरात तर निम्म्या लोकसंख्येला बाजूला सारत होती. आज ते शब्द खटकतात आणि खटकायलाच हवेत. पण धंद्याचा विचार म्हणून त्यात एक स्पष्टता होती: विशी-पंचविशीतला, गाडीवरून आपली ओळख ठरवणारा तरुण. बाकीच्यांची मनधरणी नाही. हळूहळू बजाज म्हणजे स्कूटरवाली कंपनी ही ओळख पल्सरने पुसली.

आणि पल्सर घेतली कुणी? फक्त पंचविशीतल्या तरुणांनी नाही. चाळिशीतल्या एलआयसी एजंटने घेतली, लेकाला दहावीनंतर द्यायची म्हणून बापाने घेतली, पोलिसांनी घेतली. लहान धंदेवाल्यांची सगळ्यात मोठी भीती इथेच सुटते, म्हणून या मुद्द्यावर थोडं थांबू. ज्याला उद्देशून बोलायचं तो माणूस आणि ज्यांना माल विकला जाईल ती माणसं, हे दोन वेगळे गट आहेत. पहिला गट लहान आणि ठळक असावा लागतो. दुसरा कितीही मोठा होऊ शकतो. पंचविशीतल्या पोराची गाडी चाळिशीतल्याला हवीशी वाटते. चाळिशीतल्याची गाडी म्हणून विकली असती, तर त्या पोराने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

मार्केटिंगच्या अभ्यासकांत यावर वाद आहे आणि तो दडवून चालणार नाही. ऑस्ट्रेलियातले संशोधक बायरन शार्प यांनी २०१० मधल्या ‘हाउ ब्रँड्स ग्रो’ या पुस्तकात मांडलं, की मोठे ब्रँड वाढतात ते निष्ठावंत मूठभरांच्या जोरावर नव्हे, तर वर्षातून एखाददुसऱ्या वेळी घेणाऱ्या असंख्य लोकांच्या जोरावर. त्यामुळे जाहिरात फार थोड्यांपुरती आखू नये, असं ते बजावतात. हे साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांच्या बाबतीत विशेष पटतं. त्या वस्तू सगळ्यांनाच लागतात आणि गावोगावच्या दुकानांत पोचवायची ताकद असलेली कंपनीच तिथे टिकते. पण शार्प यांचा आक्षेप पोच आवळण्यावर आहे. ब्रँडची खूण, रंग, नाव वर्षानुवर्षं एकसारखी आणि ठळक राहिली पाहिजेत, हे तेही आग्रहाने सांगतात. म्हणजे वचन अरुंद ठेवायचं आणि हात लांबवर पोचवायचा, यात विरोध नाही. लहान उद्योगाकडे तर लांबवर पोचायला पैसाच नसतो, त्यामुळे त्याला सुरुवात अरुंद जागेतूनच करावी लागते.

ही जागा निवडायची कशी? इथे रॉयल एनफिल्डचं उदाहरण जास्त उपयोगी पडतं, कारण तिथे निवड संकटाच्या काळात झाली.

२००० साली आयशर समूहाच्या ताब्यातली ही कंपनी डबघाईला आली होती. महिन्याला जेमतेम दोन हजार बुलेट विकल्या जात, आणि ती विकावी किंवा बंद करावी असा विचार चालू होता. विशीतल्या सिद्धार्थ लाल यांनी ती हातात घेतली. बुलेट तेव्हा काय चीज होती, हे ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल. किक मारायची तर आधी अँपिअरमीटरच्या काट्यावर नजर ठेवून पिस्टन बरोबर जागी आणायचा, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबायचा, सोडायचा आणि मग सगळं अंग टाकून किक. चुकली तर किक उलटून पोटरीवर बसायची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. दुसऱ्या गाडीवरून आलेला माणूस घाईत ब्रेक समजून गिअर दाबायचा. उभ्या गाडीखाली इंजिन ऑइलचा डाग ठरलेला.

अशी गाडी विकत घेणारे कोण होते? लष्कर, पोलीस, काही जमीनदार आणि थोडे वेडे हौशी. पण लाल यांचं लक्ष आणखी एका गटाकडे गेलं: ज्यांना बुलेट हवी होती पण घ्यायचं धाडस होत नव्हतं, असे तरुण. त्यांना ती आवडत होती टाकीच्या आकारासाठी, वजनासाठी आणि त्या ठराविक ठोक्यासाठी. त्यांना रोखत होती ती किक, उजवा गिअर, गळकं तेल आणि सतत मेकॅनिककडे चकरा. जागा निवडण्याचा पहिला प्रश्न इथून घ्यावा. ‘आपल्याकडे ढुंकून न पाहणाऱ्यांना कसं ओढायचं’ याचं उत्तर शोधू गेलं की बुलेटची शंभर सीसीची हलकी आवृत्ती निघते. ‘ज्यांना आपण हवे आहोत, त्यांना काय अडवतंय’ असं विचारलं की कामाची यादी हाती येते.

कंपनीने त्या यादीवर जवळपास दहा वर्षं काम केलं. गिअर डावीकडे आला. सेल्फ स्टार्ट आला. ओतीव लोखंडाचं जुनं इंजिन जाऊन त्या जागी नवं, न गळणारं, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असणारं इंजिन आलं. जुने बुलेटवाले या बदलांवर खूप चिडले, गिअरवर तर विशेष. त्यांची समजूत काढत असतानाच ठोका, वजन, टाकी यांना मात्र धक्का लावला नाही. २००९-१० च्या सुमारास या सगळ्याचा मेळ क्लासिकमध्ये बसला: दिसायला पन्नासच्या दशकातली, चालायला आजची. २०१४ मध्ये कंपनीने तीन लाखांवर गाड्या विकल्या, त्या वर्षी हार्ले-डेव्हिडसनच्या जगभरातल्या विक्रीपेक्षाही जास्त.

दुसरा प्रश्न नकाराचा. आयशर समूहाचे तेव्हा पंधरा लहानमोठे उद्योग होते, त्यात ट्रॅक्टर होते, पादत्राणं होती, कपडे होते. लाल यांनी त्यातले तेरा सोडून दिले. चालता ट्रॅक्टरचा धंदा २००५ मध्ये चेन्नईच्या टॅफेला विकला. उरले ट्रक आणि बुलेट. आपली जागा खरोखर निवडली आहे की नुसती बोलून दाखवली आहे, हे इथे कळतं. दारात आलेलं कुठलं काम आपण परत पाठवतो, याचं उत्तर पटकन देता आलं नाही तर जागा अजून निवडलेली नाही.

मोटारसायकली बाजूला ठेवून हाच हिशेब घरगुती धंद्याला लावून बघू. समजा, साताऱ्याजवळच्या एका गावात एक बाई मसाल्यांचा उद्योग चालवते. तिच्या यादीत चोवीस प्रकार आहेत: गोडा, मालवणी, आगरी, चाट मसाला, सांबार, बिर्याणी, काय हवं ते. पाकिटावर ‘अस्सल घरगुती चव’ असं लिहिलेलं, जे बाजारातल्या प्रत्येक पाकिटावर असतं. तिने वर्षभराची बिलं काढून फक्त दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा घेणाऱ्यांची नावं वेगळी लिहिली. पहिली खरेदी ओळखीने किंवा भिडेने होते, प्रदर्शनात हात रिकामा जाऊ नये म्हणूनही होते. दुसरी खरेदी मात्र चवीनेच होते. त्या यादीत बहुतेकांनी कांदा-लसूण मसालाच परत मागवला होता आणि त्यातले बरेच पत्ते पुण्या-मुंबईचे होते.

आता त्यातल्या दहा-बारा जणींना फोन करायचा. ‘मसाला आवडला का’ हे विचारायचं नाही. सगळे हो म्हणतात. ‘हा मिळाला नसता तर काय वापरलं असतं?’ असं विचारायचं. समजा उत्तर आलं, की पूर्वी सासू किंवा आई उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून डबा पाठवायची, आता तिच्याच्याने होत नाही. म्हणजे या मसाल्याची तुलना दुकानातल्या पाकिटाशी नाहीच, गावाहून येणाऱ्या त्या डब्याशी आहे. एवढं कळलं की बाकीचं आपोआप ठरतं. शंभर ग्रॅमची चकचकीत पाकिटं बंद, अर्ध्या आणि एक किलोचा डबा सुरू. मिरची कुठली, ब्याडगी किती, लवंगी किंवा संकेश्वरी किती, खोबरं-कांदा कशात भाजला, डंकावर कधी कुटला, हे डब्यावर लिहायचं. गिऱ्हाईक ठरलं: पुण्या-मुंबईत राहणारी सातारा, सांगली, कोल्हापूरकडची घरं.

मग मनात धाकधूक होते: एवढ्याशा बाजारावर पोट भरेल का? या भीतीवर धीराच्या गोष्टींचा उपयोग होत नाही, आकडेमोडीचा होतो. समजा किलोला ७०० रुपये भाव आहे. कच्चा माल, कुटणावळ, डबा आणि कुरिअर मिळून ४२० जातात, हातात २८० राहतात. जागेचं भाडं १५,०००, दोन मदतनीस बायकांचा पगार ३०,०००, वीज-फोन वगैरे ८,००० आणि स्वतःच्या घरात न्यायचे ४५,०००, असे महिन्याला ९८,००० निघायला हवेत. त्याला २८० ने भागलं की ३५० किलो. एका घराला महिन्याला सरासरी अर्धा किलो लागतो असं धरलं तर ७०० घरं. काही गळतील, काही विसरतील, म्हणून हजार धरू. प्रश्न आता ‘बाजार लहान आहे का’ असा राहत नाही. पुण्या-मुंबईत सातारा-सांगली-कोल्हापूरकडची हजार घरं आपल्याला सापडतील का, एवढाच उरतो, आणि ती कुठे शोधायची हेही ठाऊक असतं: त्या-त्या भागातली मित्रमंडळं, गावच्या जत्रेला जाणाऱ्यांचे व्हॉट्सअॅप गट, तालुक्याच्या नावाने भरणारे स्नेहमेळावे.

गणित उलटं आलं असतं तर तेही वेळीच कळलं असतं. हजाराऐवजी चाळीस हजार घरं लागत असतील, तर जागा चुकली आहे किंवा भाव चुकला आहे. चोवीस प्रकारांच्या जुन्या धंद्यात हे गणित मांडताच येत नव्हतं, कारण गिऱ्हाईक कोण हेच ठरलं नव्हतं.

तरी सगळा डाव एकदम लावू नये. पन्नास किलोचा एक घाणा नव्या डब्यात, नव्या मजकुरासह, याच गिऱ्हाइकांना पूर्ण भावाने विकावा, सूट न देता. सूट दिली की कोण चवीसाठी आलं आणि कोण स्वस्तासाठी, हे समजत नाही. मग दोन-अडीच महिने थांबावं, कारण डबा संपायला तेवढा वेळ लागतो. जागा बरोबर असेल तर तीन गोष्टी दिसतात. निम्म्याच्या आसपास लोक न आठवण करता परत मागवतात. ते दुसऱ्यांना सांगताना जवळपास एकच वाक्य वापरतात. आणि भावाची घासाघीस कमी होते. जागा चुकली असेल तर कौतुक भरपूर होतं, ऑर्डर येत नाही; येणारा प्रत्येक जण ‘याऐवजी तो मसाला आहे का’ असं काहीतरी वेगळंच मागतो; आणि दुकानातल्या पाकिटाचा भाव तोंडावर फेकला जातो. चवीने परत येणाऱ्यांची संख्या वाढेपर्यंत बाकीचे प्रकार लगेच टाकायची गरज नाही. त्यांचा साठा संपू द्यावा, नवा भरू नये.

सगळ्यात कठीण वेळ पुढे येते. कुणीतरी हॉटेलवाला महिन्याला शंभर किलो गरम मसाल्याची ऑर्डर घेऊन येतो. पैसे हवे असतात, घाणा रिकामा असतो. ती ऑर्डर घेतली तर मिरची निवडायची, कांदा भाजायचा ती दोन माणसं त्यात अडकतात, उन्हाळ्यात डबे उशिरा जातात आणि आईच्या डब्याची जागा घेणारा मसाला पुन्हा इतरांसारखा होतो. डिस्कव्हरच्या बाबतीत प्रत्येक नवं मॉडेल अशाच एका शहाण्या वाटणाऱ्या होकाराने जन्मलं होतं.

अरुंद वाटेचीही किंमत असते, आणि ती बजाजनेच मोजली आहे. २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटरचा धंदा पूर्ण सोडून फक्त मोटारसायकलवर लक्ष द्यायचं ठरवलं. पण २००१ मध्ये आलेली होंडाची बिनगिअरची अॅक्टिव्हा तोवर घराघरांत शिरत होती. बाईला, मुलीला, सासऱ्यांना, सगळ्यांना चालवता येणारी. पुढच्या काही वर्षांत देशातल्या दुचाकींपैकी जवळपास एक तृतीयांश स्कूटर झाल्या आणि त्या वाढत्या बाजारात बजाज नव्हती. अॅक्टिव्हा सगळ्यांसाठी होती, मग ती कशी यशस्वी झाली? तिचं वचन एकच होतं: गिअर, क्लच, किक यांची कटकट नाही, सहज चालते. वचन अरुंद होतं, ते हवं असणारी माणसं मात्र अफाट निघाली. होंडाने ती गर्दी आधी ओळखली. बजाजची चूक कंपनी अरुंद करण्यात होती असं म्हणण्यापेक्षा, जुन्या गिअरच्या स्कूटरची घसरण बघून स्कूटरच संपली असं समजण्यात होती. अरुंद जागा निवडणाऱ्याने शेजारच्या गल्लीत काय चाललंय याची नोंद ठेवावीच लागते. २०२० मध्ये बजाज पुन्हा स्कूटर घेऊन आली ती इलेक्ट्रिक, चेतक या जुन्या नावाने आणि पल्सरचं नाव त्यात न मिसळता. सुरुवात फक्त पुणे आणि बंगळूर या दोन शहरांत झाली.

वाढायचं कधी आणि कुठल्या दिशेने, याचं एक उत्तर रॉयल एनफिल्डकडे बघून मिळतं. क्लासिक पक्की बसल्यावर २०१६ मध्ये हिमालयन आली, डोंगरातल्या लांब प्रवासासाठी. २०१८ मध्ये ६५० सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या गाड्या आल्या. २०२२ मध्ये शहरातल्या तरुणांसाठी तुलनेने हलकी हंटर ३५०. या सगळ्यांना कंपनीने वेगवेगळी नावं दिली, आणि शंभर सीसीची मायलेजवाली गाडी यादीत आजही नाही. साताऱ्याच्या त्या बाईला दुसरा पदार्थ काढायचा असेल तर तोही अशाच वाटेवरचा असू शकतो: तिच्या हजार घरांना गावाहून मसाल्याच्या डब्यासोबत आणखी काय यायचं? शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, उन्हाळ्यातल्या कुरडया. फोनवर बोलताना गिऱ्हाइकंच हे विचारू लागतात, आणि तीनचारशे घरांनी एकच गोष्ट मागेपर्यंत तिला थांबता येतं.